एकट्याने शिकणाऱ्या मुलासाठी सात मिनिटांचा व्हिडिओ-पाठ : संहिता कशी लिहायची

वर्गात फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षकाला एक सोय असते. मुलांचे चेहरे दिसतात, आणि कुणी गोंधळले की तो दोन पावले मागे येतो. मोबाइलवर पाठ पाहणाऱ्या मुलापाशी असे कुणी नसते. त्यामुळे मूल कुठे अडेल, काय चुकवेल, कधी वहीत लिहील, हे सगळे आधीच ठरवून कागदावर उतरवावे लागते. संहिता म्हणजे फक्त बोलायचे भाषण नव्हे. कोणत्या सेकंदाला काय ऐकू येईल, पडद्यावर काय दिसेल आणि त्या वेळी मुलाचे हात काय करत असतील, या तिन्हींची ती ध्वनी, चित्र आणि मूल अशा तीन रकान्यांतली नोंद असते.

इथे एकच पाठ पूर्ण घेऊ. इयत्ता पाचवी, गणित, छेद वेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज. लांबी सात मिनिटे.

आधी शेवटचा प्रश्न लिहा

कागद घेतल्यावर पहिली ओळ 'नमस्कार मुलांनो' नको. पाठ संपताना मुलाने कुणाच्याही मदतीशिवाय जे उदाहरण सोडवायला हवे, ते आधी लिहा. आपल्या पाठासाठी ते आहे १/४ + १/३. उत्तर ७/१२.

हा प्रश्न ठरला की पाठाची हद्द ठरते. इथे ४ आणि ३ यांना १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नाही, म्हणून छेदांचा गुणाकार केला की काम भागते. १/४ + १/६ घेतले असते तर लसावि समजावणे आले असते. २/३ + १/२ घेतले असते तर उत्तर ७/६, म्हणजे एकापेक्षा मोठे, आणि मग पूर्णांकयुक्त अपूर्णांकही सांगावा लागला असता. हे दोन्ही पुढच्या पाठांचे विषय आहेत. सात मिनिटांत एकच नवी गोष्ट बसते, आणि इथे ती आहे दोन्ही अपूर्णांकांचे छेद सारखे करणे. संहिता लिहिताना 'जाता जाता हेही सांगू' असे वाटले की शेवटच्या प्रश्नाकडे पाहा. तो सोडवायला जे लागत नाही ते गाळा.

बोलण्याचा वेग मोजा, मग वेळ वाटा

१०० शब्दांचा एखादा मराठी उतारा घ्या आणि पाचवीच्या मुलाला समजावता तसा मोठ्याने वाचा. घड्याळ लावा. समजावण्याच्या लयीत हे वाचन साधारण मिनिटभर चालते. तुमचा आकडा वेगळा आला तर तोच धरा. इथे मिनिटाला १०० शब्द धरू.

सात मिनिटे म्हणजे ४२० सेकंद. त्यांतले ४५ सेकंद तीन मोठ्या थांब्यांना द्यायचे, प्रत्येकी १५. आणखी ४५ सेकंद चित्र तयार होताना गप्प राहायला हवेत. उरले ३३० सेकंद, म्हणजे साडेपाच मिनिटे, म्हणजे ५५० शब्द. बहुतेक पहिल्या संहिता ७०० शब्दांच्या होतात. मग रेकॉर्डिंगच्या वेळी माणूस घाईने बोलतो आणि सगळ्यात आधी बळी जातो तो शांततेचा, म्हणजे मुलाच्या विचाराच्या वेळेचा.

गणिताच्या पाठात शब्द मोजताना एक फसगत हमखास होते. संहितेत '१/२ + १/३' लिहिले तर संगणक ते तीन शब्द मोजतो. तोंडाने ते होते 'एक छेद दोन अधिक एक छेद तीन', म्हणजे सात शब्द. पाठात अशी वीस ठिकाणे असली तर पाऊण मिनिटाच्या आसपास हिशेब चुकतो. म्हणून ध्वनीच्या रकान्यात अंक आणि चिन्हे अक्षरांतच लिहा. अंकांतले रूप फक्त चित्राच्या रकान्यात. याचा दुसरा फायदा असा, की अपूर्णांक कसा वाचायचा ते एकदाच ठरते. 'एक छेद दोन', 'एक द्वितीयांश' आणि 'अर्धा' हे तिन्ही बरोबर आहेत, पण मूल एकटे असताना तिन्ही आलटूनपालटून आले तर ते तीन वेगळ्या गोष्टी समजते. या पाठात वाचन 'एक छेद दोन' असे ठेवू, आणि 'अर्धा' हा शब्द फक्त चित्राबद्दल बोलताना वापरू.

भाग पाडा

आपल्या पाठाची वेळपट्टी अशी होईल :

०:००–०:२० : वही, पेन्सिल, आज कोणता प्रश्न सोडवायचा
०:२०–१:०५ : पहिला अंदाज, १/२ + १/३ (थांबा १)
१:०५–२:०० : २/५ हे उत्तर का चुकते
२:००–३:२० : सहा घरांची पट्टी
३:२०–४:०५ : तेच अंकांत
४:०५–५:०० : अर्धवट सोडवलेले उदाहरण, १/२ + १/५ (थांबा २)
५:००–५:३५ : त्याची तपासणी
५:३५–६:३० : स्वतः सोडवा, १/४ + १/३ (थांबा ३)
६:३०–७:०० : उत्तर, आणि चुकले असेल तर कुठे परत जायचे

स्वागत, ओळख, फिरते बोधचिन्ह याला इथे जागा नाही. फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख व्हिडिओ-सत्रे तपासली, तेव्हा सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच प्रेक्षकांना सर्वाधिक धरून ठेवताना दिसले. ते प्रेक्षक पाचवीतली मुले नव्हती, त्यामुळे सहा हा आकडा नियम म्हणून घेऊ नका. पण इथली सात मिनिटे चालतात ती मधल्या थांब्यांमुळेच. ते काढले तर हाच पाठ लांब वाटेल.

पहिला थांबा शिकवण्याच्या आधी का? कारण मूल आधी स्वतःचे उत्तर वहीत लिहिते आणि मग त्याच उत्तराबद्दल ऐकते. नुसते ऐकत बसणाऱ्या मुलाला सगळे समजल्यासारखे वाटते, आणि वही उघडली की काहीच सुचत नाही.

चुकीच्या उत्तराला संहितेत जागा द्या

१/२ + १/३ यावर न शिकवलेले मूल बहुधा २/५ लिहिते. अंश अंशात मिळवला, छेद छेदात मिळवला. वर्गात शिक्षक विचारतील, 'कसं काढलंस?' व्हिडिओला विचारता येत नाही, पण ओळखून सांगता येते. 'हे चूक आहे, नियम असा आहे' असे सांगून पुढे गेलात तर मूल नियम पाठ करील आणि आठवड्याने पुन्हा २/५ लिहील. उत्तर अशक्य का आहे हे त्याला डोळ्यांनी दिसायला हवे.

पडद्यावर पाच घरांची पट्टी दाखवा आणि दोन घरे रंगवा. पट्टीच्या बरोबर मध्यावर तुटक रेघ मारा. ती तिसऱ्या घराच्या मधोमध जाते आणि रंग तिच्या अलीकडेच थांबतो. आता बोला : 'आपण अर्ध्यापासून सुरुवात केली. त्यात आणखी काही मिळवलं. आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं. असं होईल का?' इथे तीन सेकंद गप्प. उत्तर तुम्ही देऊ नका. मूल मनात देते.

दुसऱ्या थांब्याची नेहमीची चूक वेगळी असते. मूल छेद बदलते पण अंश तसाच ठेवते, म्हणजे १/१० + १/१० = २/१०. तिथेही हीच कसोटी लावा : दहा घरांच्या पट्टीत अर्धे म्हणजे पाच घरे, मग दोन घरे हे उत्तर कसे? तीच मध्यरेघ पुन्हा दिसली की मुलाच्या हाती उत्तर तपासायचे एक साधन येते, आणि पुस्तकातल्या स्वाध्यायातही ते वापरता येते.

एक भाग पूर्ण लिहून

२:०० ते ३:२० हा पाठाचा गाभा आहे. तिन्ही रकाने भरल्यावर तो असा दिसतो :

२:००–२:१०
चित्र : रिकामी आडवी पट्टी. बोलणे संपल्यावर एकेक उभी रेघ येते, सहा घरे होतात.
ध्वनी : 'ही एक पट्टी. हिचे सहा सारखे भाग करूया.' (५ सेकंद शांत)
मूल : पाहते.

२:१०–२:३३
चित्र : पट्टीच्या वर '१/२'. शांततेनंतर डावीकडची तीन घरे निळी. मग '१/२ = ३/६'.
ध्वनी : 'आता पट्टीचा अर्धा भाग निळा करायचा आहे. किती घरं निळी होतील? बोट ठेवून मोज.' (६ सेकंद शांत) 'तीन. म्हणजे एक छेद दोन आणि तीन छेद सहा ही एकाच भागाची दोन नावं.'
मूल : पडद्यावर बोट ठेवून मोजते.

२:३३–३:०१
चित्र : पट्टीखाली कंस, दोन-दोन घरांचे तीन गट. उजवीकडची दोन घरे पिवळी. '१/३ = २/६'.
ध्वनी : 'उरलेल्या जागेत एक छेद तीन पिवळा करू. पण तिसरा भाग उरलेल्या तुकड्याचा नाही, पूर्ण पट्टीचा. सहा घरांचे तीन सारखे गट केले, की एका गटात दोन घरं.' (८ सेकंद शांत) 'एक छेद तीन म्हणजे दोन छेद सहा.'
मूल : पाहते.

३:०१–३:१४
चित्र : रंगलेली पाच घरे, एक कोरे. शांततेनंतर '५/६'.
ध्वनी : 'आता सगळी रंगलेली घरं मोज.' (६ सेकंद शांत) 'पाच. सहापैकी पाच. उत्तर पाच छेद सहा.'
मूल : मोजते.

शब्द सुमारे ८०, म्हणजे ४९ सेकंद. शांतता २५ सेकंद. बेरीज ७४, आणि सहा सेकंद सैल. हे सहा सेकंद भरू नका, रेकॉर्डिंगमध्ये ते आपोआप खर्च होतात.

यातले 'उरलेल्या तुकड्याचा नाही, पूर्ण पट्टीचा' हे वाक्य नीट पाहा. ते गाळले तर मूल उरलेल्या तीन कोऱ्या घरांचा तिसरा भाग काढते, एकच घर रंगवते आणि ४/६ वर पोचते. ही अडचण चित्रानेच निर्माण केलेली आहे, अपूर्णांकाने नव्हे. दाखवायच्या प्रत्येक चित्राबद्दल विचारा की हे आणखी कोणत्या रीतीने वाचता येईल, आणि तो रस्ता एका वाक्याने बंद करा.

'इथे', 'हे', 'असं' हे शब्द एकूण संहितेतून वेचून काढा. 'इथे पाहा' म्हणताना तुमचे बोट असते, पण मुलाची नजर त्या क्षणी वहीत असू शकते. 'निळी घरं पाहा' म्हटले तर वर पाहताच जागा सापडते. आणि बोलीत लिहा. 'रंगवावयाचे आहे' हे कागदावर शोभते, तोंडात अडखळते.

तू की तुम्ही

'मुलांनो' म्हटले की समोर वर्ग आहे असे होते, आणि एकटे पाहणारे मूल स्वतःला त्यातून वगळते. पाचवीसाठी 'तू' जवळचे वाटते. पण मराठीत त्याची एक अडचण आहे : 'तू लिहितोस' की 'लिहितेस', 'थांबलास' की 'थांबलीस'? एकच रूप वापरले तर अर्धी मुले बाहेर राहतात. सुदैवाने आज्ञार्थाला लिंग नाही ('लिही', 'मोज'), भविष्यकाळालाही नाही ('तू लिहिशील'), आणि सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो ('तू काय उत्तर लिहिलंस?'). या तीन रूपांत सगळी संहिता बसवता येते. 'तू थांबलास का' ऐवजी 'व्हिडिओ थांबवलास का' म्हटले की काम झाले. नववी-दहावीच्या मुलांसाठी सरळ 'तुम्ही' घ्या. पण एकदा ठरले की पडद्यावरच्या सूचनेतही तेच हवे. तोंडाने 'लिही' आणि पडद्यावर 'लिहा' असे होऊ देऊ नका.

पडद्यावरच्या सूचना

तीन प्रकारच्या सूचना पुरतात : थांबून सोडव, उत्तर तपास, परत पाहा. प्रत्येकीचा रंग आणि जागा पाठभर एकच ठेवा, आणि 'थांब' बरोबर एक छोटी घंटी द्या. तीनचार मिनिटांत मुलाला घंटी ऐकताच काय करायचे ते कळू लागते.

सूचनेत पाच-सहा शब्द पुरेत : 'व्हिडिओ थांबव. वहीत सोडव.' ही सूचना बोलूनही दाखवायची आणि लिहूनही. बाकी पाठात मात्र बोललेली वाक्ये पडद्यावर जशीच्या तशी उमटवू नका. रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमी शिक्षणावर केलेल्या प्रयोगांतून हे वारंवार पुढे आले आहे की चित्र आणि निवेदन चालू असताना तेच निवेदन अक्षरांतही दिले तर शिकण्यात भर पडण्याऐवजी अडथळा येतो. डोळे अक्षरांमागे जातात आणि पट्टी पाहायची राहते. ऐकू कमी येणाऱ्या मुलांसाठी उपशीर्षके हवीतच, पण ती चालू-बंद करता येतील अशी वेगळी जोडा.

थांब्याची रचना नीट लिहायला हवी, कारण पाठ सगळ्यात जास्त इथेच फसतो. क्रम असा : आधी प्रश्न पडद्यावर येतो आणि तुम्ही तो वाचता. मग सूचना येते आणि घंटी वाजते. मग १५ सेकंद पूर्ण शांतता, प्रश्न तसाच समोर, आणि कोपऱ्यात हळूहळू भरत जाणारी एक पट्टी. नेहमीची चूक म्हणजे प्रश्न निघून जाऊन पडदाभर फक्त 'थांब' उरतो. मूल व्हिडिओ थांबवते आणि काय सोडवायचे तेच समोर नसते.

पंधरा सेकंद सोडवायला नाहीत. ते पेन्सिल धरलेला हात मोबाइलपर्यंत पोचायला आहेत. सोडवायचा वेळ मूल व्हिडिओ थांबवून स्वतः घेते. पाठ टीव्हीवरून प्रसारित होणार असेल तर थांबवायची सोय नाही, तेव्हा पूर्ण वेळ द्यावाच लागतो. तो काढायला उदाहरण स्वतः वहीत सोडवून वेळ मोजा आणि तिप्पट धरून सुरुवात करा. १/४ + १/३ तुम्हाला २५ सेकंदांत झाले तर थांबा ७५ सेकंदांचा, आणि पाठ तेवढा लांबेल हे मान्य करा किंवा मधला एक थांबा कमी करा.

मजकुराची जागा ठरवताना पडद्याचा खालचा पाचवा हिस्सा कोरा ठेवा. मोबाइलवर व्हिडिओ थांबवला की सरकपट्टी आणि बटणे तिथेच येतात, आणि उपशीर्षकेही तिथेच बसतात. अगदी मधोमध थांबवा-चालवाचे मोठे चिन्ह उमटते, म्हणून प्रश्न मध्याच्या थोडा वर किंवा डावीकडे हवा. संहितेच्या चित्राच्या रकान्यात 'प्रश्न वर डावीकडे' असे स्पष्ट लिहा, नाहीतर संपादन करणारा तो सवयीने मध्येच ठेवतो. अपूर्णांक अंश वर, छेद खाली असा उभा दाखवा. या लेखात टंकनाच्या सोयीसाठी तिरकी रेघ आहे, पण पाचवीचे मूल ती वाचायला सरावलेले नसते.

रेकॉर्ड करण्याआधी

संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचा. शांततेच्या जागी खरेच गप्प बसा, मनात सेकंद मोजत. भाग दहा सेकंदांनी लांबला तर वेग वाढवू नका, वाक्य काढा.

मग कुणाला तरी फक्त ध्वनीचा रकाना वाचून दाखवा, चित्र न दाखवता. ते ज्या वाक्याला 'कुठली?' असे विचारतील, तिथे चित्राचे नाव घ्यायचे राहिले आहे.

यानंतर मोबाइलवर साधे कच्चे रेकॉर्डिंग करा. कागदावर काढलेल्या पट्ट्याही चालतील. पाचवीतल्या एका मुलाला किंवा मुलीला ते दाखवा आणि मागे बसा. मदत करायची नाही, मान हलवायची नाही. फक्त वेळ टिपायची : कुठे थांबवले, कुठे मागे नेले, कुठे थांबवायला हवे होते पण नुसते पाहत राहिले. शेवटी वही मागा. पहिल्या थांब्याला वही कोरी असेल तर सूचना उशिरा आली किंवा हात पोचला नाही. दुसऱ्या थांब्याला उत्तर बरोबर आणि तिसऱ्याला २/१२ असेल, तर अर्धवट सोडवलेल्या उदाहरणात तुम्ही जास्त भरून दिले होते. तिथले '५/१०' हे तयार रूप काढा, फक्त रिकामे चौकोन आणि छेद १० ठेवा. तिसऱ्याला २/७ असेल तर मूल पुन्हा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवत आहे. १:०५ चा भाग त्याच्यापर्यंत पोचलेला नाही आणि तोच पुन्हा लिहायला हवा. दोन-तीन मुलांची वही पाहिली की पुढच्या मसुद्यात काय बदलायचे ते साफ कळते.

'परत पाहा' सूचनेतल्या वेळा सगळ्यात शेवटी, संपादन पूर्ण झाल्यावर भरा. कापाकापीत भाग पुढेमागे सरकतात, आणि 'दोन मिनिटांपासून परत पाहा' म्हटल्यावर तिथे दुसरेच काही चालू असेल तर मुलाला वाटते आपलेच चुकले. तोंडाने वेळ सांगूच नका. 'सहा घरांच्या पट्टीकडे परत जा' असे म्हणा आणि वेळ फक्त अक्षरांत दाखवा. ती नंतर बदलता येते.

पाठ यूट्यूबवर ठेवणार असाल तर वर्णनात भागांच्या वेळा लिहिल्या की सरकपट्टीवर भाग वेगळे दिसतात. पहिली वेळ 0:00 हवी, किमान तीन भाग हवेत आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचा हवा :

```
0:00 काय लागेल
0:20 आधी तू सांग
1:05 दोन छेद पाच का नाही
2:00 सहा घरांची पट्टी
3:20 अंकांत मांडू
4:05 रिकामे चौकोन भर
5:35 आता स्वतः सोडव
6:30 उत्तर तपास
```

नावे 'भाग १, भाग २' अशी देऊ नका. तिसऱ्या थांब्याला अडलेले मूल नावे वाचूनच ठरवते की मागे कुठे जायचे. ५:०० ची तपासणी या यादीत मुद्दाम वेगळी दिलेली नाही. ती दिसली तर काही मुले चौकोन भरण्याआधीच तिथे जाऊन उत्तर पाहतील.